शुगर बॉर्डरवर आहे, म्हणजे नेमकं काय बिघडलं आहे?

कंपनीच्या वार्षिक तपासणीचा अहवाल येतो. त्यात एचबीए१सी ६.० हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. डॉक्टर म्हणतात, "शुगर बॉर्डरवर आहे, जरा जपा." तिशीतला माणूस त्या दिवसापासून चहातली साखर बंद करतो, ऑफिसमधल्या वाढदिवसांचा केक नाकारतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतो. आकडा बहुतेकदा तिथेच असतो, कधी थोडा वरही गेलेला असतो. मग घरात दोनच निष्कर्ष निघतात. एक, हे वडिलांकडून आलंय, टळणार नाही. दुसरा, अजून मधुमेह झालेला नाही ना, मग बघू पुढे. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. साखर रक्तात वाढलेली दिसते, म्हणून आपण साखरेच्या डब्याला दोष देतो. बिघाड मात्र आधी स्नायूंत आणि मग यकृतात झालेला असतो. तिथे दुरुस्ती केली तर या वयात आकडा मागे येण्याची शक्यता चांगली असते. तिथे हात घातला नाही, तर फिका चहा पिऊन फारसं काही हाती लागत नाही.

आधी मोजमापाबद्दल. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी साखर १४० ते १९९, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर ती मधुमेहपूर्व अवस्था. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटी साखरेची खालची मर्यादा १००ऐवजी ११० धरते. या फरकावर बोट ठेवून काही जाणकार म्हणतात की, हा आजारच नाही, निरोगी माणसांना रुग्ण बनवणारी एक पट्टी आहे. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या लोकांचा पाठपुरावा केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, २०२१ साली, असं दिसलं की मधुमेहपूर्व अवस्थेतल्या ज्येष्ठांपैकी मधुमेहाकडे गेलेल्यांपेक्षा पूर्ववत झालेले किंवा दुसऱ्याच कारणाने वारलेले अधिक होते. पंचाहत्तरीच्या आजोबांना ६.० या आकड्याने घाबरवण्यात अर्थ नाही, हे खरं.

पण हाच आकडा एकतिसाव्या वर्षी वेगळं सांगतो. आजोबांच्या शरीराने तिथे पोहोचायला पाऊणशे वर्षं घेतली. तरुणाचं शरीर अर्ध्याहून कमी काळात तिथे आलं आणि त्याच्यापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षं आहेत. शिवाय भारतीयांचा वेग जास्त आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर बिघडलेल्या ५३१ जणांवर अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला होता, त्या गटातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांच्या आत मधुमेह झाला. हे लोक सरासरी पंचेचाळिशीचे होते आणि फारसे लठ्ठही नव्हते. 'बघू पुढे' म्हणणाऱ्या तरुणाने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३च्या अहवालानुसार देशात अंदाजे १३ कोटी ६० लाख लोक या अवस्थेत आहेत, आणि मधुमेह झालेले १० कोटींच्या घरात.

फारसे लठ्ठ नसतानाही असं का होतं, या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. त्यात दोघांचं छायाचित्र आहे. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. एकाच मापाच्या दोन शरीरांत इतकं अंतर. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत जन्मलेली बाळं मोजली, तेव्हाही हेच दिसलं. सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून कमी. ही कसर स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती, कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली. म्हणजे आपल्यातल्या अनेकांची सुरुवातच कमी स्नायूंनी होते. ज्याच्याकडे मुळात स्नायू कमी, त्यानेच दिवसाचे दहा-बारा तास ते वापरायचे नाहीत, अशी नोकरी आता आपल्या शहरांत सर्वसाधारण झाली आहे. गोष्ट इथे सुरू होते, गोड खाण्यात नाही.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर जाते कुठे? इन्सुलिनच्या प्रभावाखाली तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायूंच्या पेशींत साखर आत घेणारे वाहक असतात. एरवी ते पेशीच्या आत पडून असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ते पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. हेच वाहक पृष्ठभागावर आणण्याची दुसरी वाट आहे, ती म्हणजे स्नायूचं आकुंचन. माणूस चालू लागला की मांडीचे, पोटरीचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर घेऊ लागतात. आणि हे लक्षात घेण्यासारखं आहे की, इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही ही दुसरी वाट बहुतांशी शाबूत असते. जेवून लगेच खुर्चीत बसणारा माणूस ती वापरतच नाही. सगळा भार पहिल्या वाटेवर आणि म्हणून स्वादुपिंडावर पडतो.

स्नायूंनी न घेतलेली साखर नाहीशी होत नाही, ती यकृताकडे वळते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांच्या गटाने सडपातळ, तरुण, मधुमेह नसलेल्या लोकांवर काही प्रयोग केले. ज्यांचे स्नायू इन्सुलिनला कमी दाद देत होते, त्यांना भरपूर पिष्टमय जेवण दिल्यावर स्नायूंत साठा कमी झाला आणि यकृतात त्याच साखरेपासून चरबी जास्त तयार झाली. याच गटाने पुढे दाखवलं की, जेवणाआधी एकदाच केलेल्या पाऊण तासाच्या व्यायामानेही यकृतातली ही चरबीनिर्मिती कमी होते. माझ्या सगळ्या मांडणीचा पाया इथे आहे. निष्क्रिय स्नायू हे पहिलं पाऊल, चरबीने भरलेलं यकृत हे दुसरं.

यकृतात चरबी साठली की तेही इन्सुलिनला दाद देईनासं होतं. रात्री आपण झोपलेलो असताना मेंदूसाठी थोडी थोडी साखर सोडत राहणं हे यकृताचं काम आहे. पुरेशी झाली की इन्सुलिन त्याला थांबवतं. चरबी साठलेलं यकृत थांबत नाही. म्हणून रात्री काही न खाताही सकाळी उपाशीपोटी साखर १०८ येते. हे यकृत जास्तीची चरबी रक्तातही सोडतं, म्हणून ट्रायग्लिसराइड वाढतं. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर यांच्या मांडणीनुसार हीच चरबी पुढे स्वादुपिंडात जाते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम मंद करते. त्यांनीच २०११ साली हेही दाखवलं की, मधुमेह झालेल्या लोकांना अतिशय कमी उष्मांकाचा आहार दिला, तर एका आठवड्यात यकृतातली चरबी लक्षणीय उतरते आणि उपाशीपोटी साखर सामान्य होते. तो आहार वैद्यकीय देखरेखीखालचा होता, घरी करून बघायचा नाही. पण उपाशीपोटी साखरेच्या मागे यकृतातली चरबी असते आणि ती उतरू शकते, एवढं त्यातून ठामपणे कळतं.

आता एक उदाहरण घेऊ. ते कुणा एका व्यक्तीचं नाही. अशा वयाच्या आणि अशा नोकरीच्या माणसांच्या अहवालांत जे आकडे एकत्र दिसतात, ते घेऊन रचलं आहे. हिंजवडीत काम करणारा एकतीस वर्षांचा संगणक अभियंता. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७१ किलो. बीएमआय २४.६, म्हणजे जुन्या तक्त्यात 'योग्य'. पण आशियाई लोकांसाठी २३च्या वर वजन जास्त मानतात. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर ९४, तर भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० आणि बायकांसाठी ८०. वडिलांना मधुमेह. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी ६.०, ट्रायग्लिसराइड २१४. यकृताच्या तपासणीतला एसजीपीटी ६२. याला सगळे 'अंगाने बारीक' म्हणतात. सकाळी बसने ऑफिस, नऊ तास खुर्ची, परदेशातल्या ग्राहकाशी रात्री बैठक, साडेदहाला जेवण आणि एकला झोप.

अहवालात साखरेच्या ओळीकडे सगळे बघतात, ट्रायग्लिसराइड आणि एसजीपीटीकडे कुणी बघत नाही. खरं तर या दोन ओळी आणि पोटाचा घेर मिळूनच सांगतात की, यकृतात चरबी साठली असण्याची दाट शक्यता आहे. उरतो प्रश्न स्नायूंचा. त्याचं उत्तर उपाशीपोटी साखरेत मिळत नाही, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत मिळतं. ही तपासणी कंपनीच्या पॅकेजमध्ये सहसा नसते. माझ्या मते अशा प्रत्येक तरुणाने ती एकदा मागून करून घ्यावी. आपल्या उदाहरणात ती १६२ आली असं धरू. याचा अर्थ दोन्हीकडे बिघाड आहे, यकृतात आणि स्नायूंत. हे कळणं उपयोगाचं का? चेन्नईतल्याच २०१६च्या दुसऱ्या एका अभ्यासात जीवनशैलीतल्या बदलाने, आणि गरज पडली तिथे मेटफॉर्मिन गोळी जोडून, मधुमेहाचं प्रमाण एकूण ३२ टक्क्यांनी कमी झालं. पण ज्यांची फक्त उपाशीपोटी साखर वाढलेली होती, त्यांच्यात ही घट जेमतेम १२ टक्के होती. जेवणानंतरची साखर बिघडलेल्यांना फायदा खूप जास्त झाला. म्हणजे कुणाला कशाने किती गुण येईल, याचा अंदाज या एका तपासणीने बांधता येतो.

तपासणीपूर्वी एक काळजी घ्यावी लागते. आकड्याला घाबरून ज्याने आधीच पोळी-भात सोडला आहे, त्याने तसाच ग्लुकोजचा पेला प्यायला तर साखर खोटी जास्त येते, कारण शरीराची पिष्टमय अन्नाची सवय मोडलेली असते. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवून, म्हणजे दिवसाला किमान दीडशे ग्रॅम कर्बोदकं घेऊन ही तपासणी करतात. एचबीए१सीलाही मर्यादा आहेत. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, या गृहीतावर ते उभं आहे. लोह कमी असलेल्या मुलींमध्ये ते खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. म्हणून पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या तरुणीचं ६.० आलं, तर आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पाहावं. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल आढळतो. तो असेल तर हा आकडा विश्वासाचा नाही, तिथे थेट साखर मोजावी.

मग करायचं काय? स्नायूंचं काम रोजचं आहे आणि यकृताचं काम काही महिन्यांचं. दोन्ही वेगळी समजून केली तर गोंधळ होत नाही.

स्नायूंसाठी पहिला बदल जेवणानंतरचा. नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायचं. शेवटचा घास आणि चालणं यांत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही, कारण साखर चढते ती त्याच वेळी. अमेरिकेतल्या ज्येष्ठांवरच्या एका प्रयोगात असं दिसलं की, तीन जेवणांनंतर प्रत्येकी १५ मिनिटं चालल्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर, दिवसात एकदाच ४५ मिनिटं चालण्यापेक्षा चांगली आवरली. दुसरा बदल खुर्चीतला. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन यांनी २०१२ साली १९ जास्त वजनाच्या लोकांना पाच तास बसवून ठेवलं आणि वेगळ्या एका दिवशी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं हळू चालायला लावलं. एवढ्यानेच साखरेची चढण सुमारे चोवीस टक्क्यांनी कमी झाली. दर वीस मिनिटांनी उठणं ऑफिसात जमणार नाही. अर्ध्या तासाने उठणं जमतं. फोनवरच्या बैठका उभ्याने किंवा चालत, पाण्याची छोटी बाटली म्हणजे वारंवार भरायला जावं लागतं, दोन मजल्यांसाठी लिफ्ट नाही. सकाळी एक तास जिममध्ये घालवून उरलेले बारा तास न हलणाऱ्याला हे कळलं पाहिजे की, त्याचे स्नायू दुपारच्या जेवणाच्या वेळी पुन्हा निष्क्रियच असतात.

तिसरा बदल, स्नायू वाढवायचे. कमी स्नायूंनी सुरुवात झालेल्या शरीराला नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यात दोनदा, वीस-पंचवीस मिनिटं, खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा, जोर, पायऱ्या आणि वजन उचलणं. व्यायामाने इन्सुलिनचा प्रभाव वाढतो तो एक-दोन दिवस टिकतो. म्हणून पाच दिवस आराम आणि शनिवार-रविवारी सिंहगड, या वेळापत्रकाचा साखरेला पुरेसा उपयोग होत नाही. चालणं धरून व्यायामात सलग दोन दिवसांहून मोठा खंड पडू नये.

यकृतासाठी मात्र वजन उतरावं लागतं, आणि इथे 'अंगाने बारीक' असणाऱ्यांचा विरोध असतो. पण अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये, ज्याचे निष्कर्ष २००२ साली आले, सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं ही दोनच उद्दिष्टं होती. त्यातून मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन गोळीने ३१ टक्क्यांनी. पुढच्या विश्लेषणात असं निघालं की, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे धोका सुमारे सोळा टक्क्यांनी कमी होत गेला. आपल्या अभियंत्यासाठी सात टक्के म्हणजे पाच किलो, ७१वरून ६६. हे पाच किलो चेहऱ्यावरचे नाहीत, पोटातले आहेत.

पाच किलो चार महिन्यांत उतरवायचे तर दिवसाला सव्वातीनशेच्या आसपास उष्मांक कमी पडले पाहिजेत. त्यासाठी उपास नको. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दीडशे उष्मांक. संध्याकाळचा वडापाव तीनशेच्या घरात, त्याऐवजी मूठभर फुटाणे शंभर-सव्वाशे. हिशेब इथेच पुरा होतो. चहातली साखर जाते ती या हिशेबात, ती रोगाचं कारण आहे म्हणून नाही. फक्त चहाची साखर गेली आणि रात्रीचा भात, फरसाण तसंच राहिलं, तर सहा महिन्यांनी आकडा जागचा हलत नाही तो याचमुळे.

जेवणाच्या ताटात बदल करायचा तो पोळी-भाताच्या वाट्यात. आपल्या जेवणात उष्मांकांचा साठ-सत्तर टक्के भाग पिष्टमय पदार्थांतून येतो आणि प्रथिनं कमी पडतात. डब्यात तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि भात, म्हणजे तिन्हीकडे पिष्टच. त्याऐवजी दोन पोळ्या, वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ, पालेभाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि दही. चालत असेल त्याला अंडी, मासे. रात्री भात खायचा तर पोळी नको. कोशिंबीर आणि उसळ आधी, पोळी-भात शेवटी, या क्रमाने जेवलं तरी साखरेची चढण कमी होते, हेही प्रयोगांनी दाखवलं आहे. सकाळी पोहेच करायचे असतील तर त्यात मटार, शेंगदाणे भरपूर आणि सोबत दोन अंडी किंवा वाटीभर मोडाची मटकी. ज्वारीच्या भाकरीबद्दल एक गैरसमज आहे. ती चांगली आहे, पण औषध नाही. दोन मोठ्या भाकऱ्या म्हणजे पिष्टाचा मोठाच वाटा. उपासाच्या खिचडीतला साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट, उपासाच्या दिवशी साखर जास्त चढते ती त्यामुळे.

रात्रीची वेळ हा वेगळा मुद्दा आहे. सलग काही रात्री चार-पाच तासच झोपलेल्या निरोगी तरुणांमध्येही इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. रात्रीची बैठक आणि एकची झोप बदलता येत नसेल तर डबा संध्याकाळी साडेसातला, बैठकीआधी खावा, नंतर फक्त ताक किंवा दूध.

गुण येतोय हे कसं ओळखायचं? पोटाचा घेर आधी बोलतो, मग ट्रायग्लिसराइड आणि एसजीपीटी. हे सहा ते आठ आठवड्यांत उतरू लागतात. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत मोजण्यात अर्थ नाही, आणि मोजायचं ते त्याच प्रयोगशाळेत. ६.०चं ५.९ झालं तर तो फरक नव्हे, मोजण्यातली नेहमीची हालचाल आहे. वजन उतरलं पण घेर तसाच राहिला, तर चरबीऐवजी स्नायू गेले, प्रथिनं आणि जोर-बैठका वाढवायला हव्यात. चार-सहा महिन्यांनी घेर ८७, उपाशीपोटी ९७, दोन तासांची १२८ आणि एचबीए१सी ५.६ आलं, तर ती पूर्ववत होण्याची खूण. याचं मोल तात्पुरतं नाही. अमेरिकेतल्या त्याच कार्यक्रमाच्या पुढच्या पाठपुराव्यात, ज्यांची साखर एकदा तरी पूर्ण सामान्य झाली होती, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका ५६ टक्क्यांनी कमी आढळला. मग ती कोणत्या उपायाने सामान्य झाली, याने फरक पडला नाही. म्हणून 'थोडी कमी झाली' यावर थांबू नये, सामान्यपर्यंत न्यावी.

याच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. काहींच्या स्वादुपिंडाची ताकद मुळातच कमी असते. सगळं नीट करूनही त्यांची साखर पुढे सरकते. यात त्यांचा दोष नाही. चेन्नईच्या पहिल्या अभ्यासात जीवनशैली आणि मेटफॉर्मिन यांचा फायदा जवळजवळ सारखा होता आणि दोन्ही एकत्र दिल्याने तो वाढला नाही. तेव्हा सहा महिने मनापासून करूनही आकडा हलला नाही तर डॉक्टरांशी गोळीबद्दल बोलणं ही हार नाही. आणि काही खुणा वेगळ्याच आजाराकडे बोट दाखवतात. प्रयत्न न करता वजन घटणं, सारखी तहान, रात्री वारंवार लघवी, आठवड्यांत झपाट्याने चढणारी साखर, किंवा तीन पिढ्यांत तरुणपणीच मधुमेह. असं असेल तर हा लेख बाजूला ठेवून लगेच तपासणी करावी, तो पहिल्या प्रकारचा किंवा जनुकीय मधुमेह असू शकतो. ज्याच्या घोरण्याने घरच्यांची झोप मोडते, त्याने श्वास थांबण्याच्या विकाराची, आणि पाळी अनियमित असलेल्या तरुणीने पीसीओएसची तपासणी आधी करावी.

शेवटी ज्या गोष्टीवर कुणी बोलत नाही, ती. या सगळ्याला 'इच्छाशक्ती' म्हणणं मला मान्य नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायचं तर दुपारची बैठक जेवणाला चिकटलेली नसावी. सात-साडेसातला जेवायचं तर रात्रीची बैठक त्या वेळी नसावी, आणि उपाहारगृहात सहानंतर उसळ मिळावी, फक्त समोसा आणि वडापाव नको. कंपन्या वर्षाला एकदा रक्त काढून अहवाल पाठवतात आणि आरोग्याची जबाबदारी पार पाडली असं समजतात. त्या पॅकेजमध्ये पोटाचा घेर आणि दोन तासांची साखर घातली, जेवणाआधी-नंतरचा अर्धा तास बैठकमुक्त ठेवला आणि रात्रीच्या पाळीचं जेवण आठच्या आत दिलं, तर खर्च फारसा वाढणार नाही. तरुण कर्मचाऱ्याने या तीन गोष्टी मागाव्यात. त्या मागणं हा उपचाराचाच भाग आहे, कारण ज्या खुर्चीने स्नायू निष्क्रिय केले, त्या खुर्चीचं वेळापत्रक ठरवणारे दुसरेच आहेत.